मोटर वाइंडिंगच्या दुकानांचे रिव्ह्यू वाचून त्यात धंदा कुठं दिसते

प्रश्न: भाऊ, मी आयटीआय इलेक्ट्रिशियन झालो, वरुडकडं राहतो. मोटर वाइंडिंगचं दुकान टाकायचा विचार आहे पण आधीच बरीच दुकानं आहेत. एक जण म्हणे गूगलवर त्यांचे रिव्ह्यू वाच, लोकाइची काय तक्रार आहे ते पाह्य आणि तेच तू दे. वाचले तर नुसत्या शिव्या. उशीर केला, महाग घेतलं, फोन उचलत नाही. यातून नेमकं शोधायचं काय?

उत्तर:

शिव्याच वाचायच्या आहेत, फक्त दुकानदाराला काय म्हटलं ते सोडून दे आणि शिव्या देणाऱ्याचं त्या दिवसांत काय गेलं तेवढं शोध. मी या पट्ट्यात पंप-मोटरच्या पार्टचा व्यवहार बरीच वर्षं केला आहे, नवीन धंदा टाकणारे पोट्टे येतात तेव्हा त्यांच्यासोबत बसून असे रिव्ह्यू वाचतो, म्हणून तुझ्याच धंद्यापुरतं बोलतो. हॉटेलची तक्रार आणि मोटर वाइंडिंगची तक्रार एकाच नजरेनं वाचता येत नाही. हॉटेलवाल्यावर चिडलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुसरीकडं जेवते, पण ज्याची मोटर खोलून टेबलावर पडली आहे तो कुठं जाईल?

आता वाचायचं कसं. मॅपवर फक्त "मोटर वाइंडिंग" टाकून थांबू नको, motor winding, motor rewinding, submersible repair असं इंग्रजीतही टाक, दोन्हीकडं वेगवेगळी दुकानं निघतात. आणि फक्त वरुडची पाहू नको. मोर्शी, शेंदुरजना घाट, बेनोडा, तिकडं काटोल-नरखेड, वर्धा जिल्ह्यातलं आष्टी, पलीकडं एमपीतलं पांढुर्णा, हे सगळं तुझंच मार्केट समज, काऊन की एप्रिलमधे कास्तकार जवळचं दुकान पाहत नाही, कुठं लवकर भेटते ते पाहते आणि मोटर गाडीत टाकून निघते.

दुकान उघडलं की रिव्ह्यू आधी Most relevant या क्रमानं दिसतात, तो क्रम गूगलनं आपल्या हिशोबानं लावलेला असते. तू Newest कर, ते वाचून झाले की मग Lowest. दुकानाला ४.३ तारे का ३.९ याच्याशी तुला काही घेणं नाही. ज्यानं नुसते तारे दिले, शब्द लिहिला नाही, तो तुझ्या कामाचा नाही. शब्द असतील तर पुष्कळदा खाली भाषांतर केलेलं दिसते, तिथं See original दाबून मूळ वाच. भाषांतरात "मोटर उशिरा दिली" एवढंच उरते आणि मुळात "आठ दिस मोटर दुकानात अन् इकडं संत्र्याचा आंबिया गळून गेला" असं असते. तुझ्या कामाचं सगळं त्या दुसऱ्या अर्ध्यात आहे. आणि आपल्याकडचे पोट्टे इंग्रजी अक्षरात मराठी लिहितात, त्यात हिंदीही मिसळलेली राहते, म्हणून रिव्ह्यूच्या आत सर्च करताना एका शब्दावर भागत नाही. late टाक, ushir टाक, उशीर टाक, der टाक, divas आणि din पण टाकून पाह्य.

एक गोष्ट मात्र नीट समजून घे, इथंच बहुतेक लोक चुकीचा अर्थ काढतात. गूगल रिव्ह्यूची तारीख दाखवत नाही, किती दिवस झाले ते दाखवते. वर्षाच्या आतला असला तर "३ महिन्यांपूर्वी" असं येते, म्हणजे महिना काढता येते. वर्ष उलटलं की फक्त "२ वर्षांपूर्वी" राहते, महिना गेला. आता आपल्या धंद्यात महिनाच तर सगळं सांगते. आंबियाला डिसेंबर-जानेवारीत ताण देतात, मग पाणी सोडतात, फुलोरा येते, फळ धरते आणि मार्च ते मे हे तीन महिने पाणी तुटलं तर फळगळ. याच तीन महिन्यांत बोअरची पातळी खाली जाते, लाईनचा व्होल्टेज पडते आणि मोटरी जळतात. म्हणून एप्रिलमधली "पाच दिवस लावले" ही तक्रार आणि ऑगस्टमधली "पाच दिवस लावले" ही तक्रार एक नव्हे. ऑगस्टमधे कोणाचं काही वाळत नसते, तो नुसता चिडला आहे. तर जूनच्या आसपास बस, मागच्या बारा महिन्यांचे रिव्ह्यू वाच आणि अंदाजे महिना वहीत लिहून ठेव, पुढच्या जूनमधे तेच रिव्ह्यू बिनमहिन्याचे झालेले असतील.

वही कर खरंच, मोबाइलमधे स्क्रीनशॉट काढून ठेवले की कोणी परत पाहत नाही. प्रत्येक तक्रारीसमोर चार गोष्टी लिही. महिना कोणता, झालं काय, त्याचं गेलं काय, आणि मालकानं खाली उत्तर दिलं का. चौथी गोष्ट लोक वाचतच नाहीत. मालक जर लिहिते की "सीझनला गर्दी राहते दादा, समजून घ्या", तर त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं की हे दरवर्षी होते आणि यावर आपल्याकडं इलाज नाही.

असं लिहीत गेलास की थोड्याच वेळात लक्षात येईल की तक्रारी फार प्रकारच्या नाहीत. उद्धट बोलतो, फोन उचलत नाही, ही एकेका माणसाच्या स्वभावाची गोष्ट, त्यावर धंदा उभा राहत नाही. महाग घेतलं, हे तर सोडूनच दे. तांब्याची तार किलोवर येते, भाव सगळ्यांना तोच, आणि स्वस्तासाठी जो तुझ्याकडं येईल तो पुढच्या वेळी आणखी स्वस्त कोण आहे ते पाहील. एकाच दिवशी दोन-तीन एक तारेवाले, खाली काही तपशील नाही, प्रोफाइल उघडलं तर तेवढाच एक रिव्ह्यू, असं दिसलं तर ती शेजाऱ्याची मेहरबानी समज आणि पुढं जा.

यानंतर माझ्या पाहण्यात दोनच तक्रारी उरतात आणि त्या जवळपास प्रत्येक गावच्या प्रत्येक दुकानावर भेटतात. एक, सीझनमधे मोटर आठ-आठ दिवस पडून राहिली. दुसरी, वाइंडिंग भरून आणलेली मोटर पंधरा दिवसात पुन्हा जळाली. एकाच दुकानावर दिसली तर दुकान खराब, सगळ्या दुकानांवर दिसली तर त्या कामाच्या रचनेतच काहीतरी अडलेलं आहे. आणि तिथंच जागा असू शकते. असू शकते म्हणतो, असतेच असं नाही.

पहिली तक्रार घे. तुला ट्रेड माहीत आहे, ५ एचपीची सबमर्सिबल भरायला हातात कारागीर असला तर दीड-दोन दिवसाचं काम. मग आठ दिवस काऊन लागतात? काम लांब नाही, रांग लांब आहे. सीझनला तोच माणूस मोटर खोलतो, तोच कॉइल टाकतो, तोच मधेच कोणाच्या वावरात स्टार्टर पाहायला जातो, मग बुश नाही म्हणून अमरावतीहून बोलवायचा, दोन दिवस लाईन नाही, असं करत आठ दिवस. तू आणखी एक दुकान टाकलंस तर रांग थोडी कमी होईल आणि पुढच्या एप्रिलपर्यंत तुझ्याही दुकानासमोर तशीच रांग लागेल, अन् तुझ्याही नावावर तेच रिव्ह्यू येतील. जून ते नोव्हेंबर मात्र हात रिकामा. म्हणून मी म्हणतो वाइंडिंगचं दुकान ही ती जागा नाही. रिव्ह्यूमधला माणूस वाइंडिंग मागतच नाही, त्याला ते आठ दिवस बागेला पाणी पाहिजे.

याला पुरावा कुठं? वाइंडिंगवाल्यांच्या रिव्ह्यूमधे तो भेटणार नाही, तिथं फक्त दुखणं आहे. नवीन पंप विकणाऱ्या डीलरचे रिव्ह्यू वाच, तेही चार आणि पाच तारेवाले. तिथं असं लिहिलेलं सापडते की "भाव दोन पैसे जास्त हाय पण रात्री आठ वाजता मोटर काढून दिली", किंवा "जुनी मोटर रिपेरिंगले होती, थांबाले टाइम नव्हता म्हणून नवी घेतली". हा माणूस काय सांगून राह्यला ते पाह्य. जुनी मोटर भरून भेटणार असताना फक्त आठ दिवस वाचवायला त्यानं नव्या मोटरचे पैसे मोजले. तक्रार करणारे पुष्कळ असतात, त्यातले पैसे देणारे किती ते शेजारच्या दुकानात दिसते. तीन तारेवालेही असेच कामाचे. एक तारा रागात पडते, तीन तारे देणारा थांबून विचार करते, "काम एक नंबर पण वेळ पाळत नाही" असं नेमकं एकच बोट ठेवते.

आता पुढचा प्रश्न, आणि हा प्रश्न न विचारता जे पोट्टे उडी मारतात त्यांचे पैसे जातात. एवढी उघड गरज आहे तर आजवर कोणी भागवली काऊन नाही? पहिला विचार सगळ्यांच्या मनात हाच येते की आपण चार मोटरी भाड्यानं ठेवू, ज्याची जळाली त्याला आठ दिवस आपली देऊ, त्याची भरून आली की आपली परत. ऐकायला झकास. पण बोअरवर कामच करून पाह्य. जळालेली मोटर काढायला मोटर काढणाऱ्यांची गाडी आणि माणसं, तुझी भाड्याची उतरवायला तेच, आठ दिवसांनी तुझी काढायला पुन्हा तेच आणि त्याची उतरवायला पुन्हा तेच. एकदा काढणं-टाकणं ज्याला परवडत नाही त्याला दोनदा करायला सांगतोस. वरुड-मोर्शी म्हणजे पाणी उपसून उपसून डार्क झोन म्हणून नाव झालेला भाग, बोअर कितीतरी खोल गेलेल्या, पाइपाचा एकेक तुकडा खोलत वर घ्यायचा, त्यात पाइप निसटून मोटर खाली पडायची भीती वेगळी. कास्तकार म्हणेल राहू दे बापा, आठ दिवस टँकर टाकतो.

विहिरीवरच्या मोटरला हे लागू नाही. ओपनवेल सबमर्सिबल किंवा काठावरचा मोनोब्लॉक बदलणं तासा-दोन तासाचं काम आहे, तिथं भाड्याची मोटर चालते. म्हणून रिव्ह्यू वाचताना बोअर म्हणते का विहीर म्हणते तेही वहीत लिही. तुझ्या भागात बोअरच जास्त असणार, तर तिथं भाडं नाही, अदलाबदल. म्हणजे तू भरून तयार मोटर ठेवायची, तेवढ्याच एचपीची, त्याच मेकची, कास्तकाराची जळालेली घ्यायची आणि तयार असलेली द्यायची. मोटर एकदाच निघते, एकदाच उतरते, त्याच दिवशी पाणी सुरू. त्याची जळालेली तू नंतर सवडीनं भरायची आणि ती पुढच्याला द्यायची. मेक म्हणतो ते यासाठी की दुसऱ्या कंपनीच्या मोटरवर त्याच्या पंपाचं कपलिंग बसेलच असं नाही, आणि पंप बदलायला गेलास तर किती फुटावरून पाणी उचलायचं त्याप्रमाणं स्टेज जुळवावे लागतात. तीनशे फुटाच्या हिशोबाचा पंप सहाशे फुटावर सोडला तर मोटर फिरेल आणि वर थेंब येणार नाही. म्हणून पंप त्याचाच राहू दे, मोटर बदल. त्यातही सगळे एचपी, सगळे मेक ठेवायला जाऊ नको, तुझ्या पाच-दहा गावात जे दोन मेक जास्त चालतात त्यांचीच ५ आणि ७.५ ठेव.

या अदलाबदलीला कास्तकार काय म्हणेल हेही रिव्ह्यूमधेच लिहिलेलं आहे. "तांब्याची मोटर होती, अ‍ॅल्युमिनिअम भरून दिली", "माही मोटर बदलून दिली", असे रिव्ह्यू तुला हमखास भेटतील. खरं असेल खोटं असेल, सोड. तो माणूस मोटर डोळ्याआड झाली की घाबरते एवढं त्यातून घे. आणि तू तर उघडउघड त्याची मोटर ठेवून घेऊन दुसरी देणार आहेस. म्हणून भरलेली प्रत्येक मोटर बंद करायच्या आधी उघड्या वाइंडिंगचा फोटो, बाजूला मोटरचा नंबर, तार कायची ते, मेगरवर काय दाखवलं ते, सगळं एका कागदावर, आणि कागद मोटरसोबत द्यायचा. त्याच्या जळालेल्या मोटरचाही फोटो त्याच्यासमोर काढ. नवी मोटर असलेला माणूस जुनी घेणार नाही, त्याच्या मागं लागू नको. एक-दोनदा भरून झालेली ज्याची आहे तोच तुझा गिऱ्हाईक.

आता दुसरी तक्रार, पंधरा दिवसात पुन्हा जळाली. वाचणाऱ्याला वाटते की दुकानदारानं काम बेकार केलं, मी चांगलं करीन आणि तीन महिने गॅरंटी देईन, सगळे माझ्याकडं येतील. इथं थांब. मोटर एकदा जळाली ती कशानं जळाली हे कोणी पाहिलंच नाही, तशीच भरली, तशीच उतरवली, तर ती त्याच कारणानं पुन्हा जळणार, तुझं वाइंडिंग कितीही चांगलं असो. हे तू आयटीआयला शिकला असशीलच, पण दुकानात खोलताना कोणी पाहत नाही म्हणून सांगतो. खोललेल्या मोटरीत तीन फेजच्या कॉइल नीट पाह्य. स्टार कनेक्शनच्या मोटरीत दोन फेजच्या कॉइल काळ्या आणि एका फेजच्या स्वच्छ, तर एक फेज गेली होती आणि मोटर उरलेल्या दोनवर ओढत राहिली. डेल्टात उलटं, एकाच फेजच्या काळ्या आणि दोन चांगल्या. सगळ्याच सारख्या काळ्या पडल्या तर कमी व्होल्टेज किंवा ओव्हरलोड, नाहीतर पाणी खाली गेल्यावर कोरडी चालून तापली. एखाद्याच जागी ठिणगी पडल्यासारखं असेल तर इन्सुलेशन कुठंतरी कापलं गेलं, ते मात्र वाइंडिंगवाल्याचं काम समजायला हरकत नाही.

फेज जाण्याचं आपल्याकडं काय कौतुक, डीपीवर फ्यूज उडाला की कोणीतरी तार बांधते आणि दोन दिवस चालते. स्टार्टरमधे सिंगल फेज प्रिव्हेंटर असतो, पण तो मोटर सारखी बंद पाडते म्हणून बायपास केलेला. काही जण तर दोन फेजवर मोटर चालवायला कंडेन्सर लावून बसतात. अशा वावरात तू गॅरंटी दिलीस तर ती तुझ्या खिशातून जाणार. म्हणून गॅरंटीची अट अशी ठेव की मोटर उतरवायच्या आधी स्टार्टर मी पाहणार, प्रिव्हेंटर चालू पाहिजे, पाणी कमी होते तिथं ड्राय रनचं संरक्षण पाहिजे. आणि परत आली तर आपण दोघं मिळून खोलू, फेज गेल्याची खूण निघाली, म्हणजे स्टारमधे दोन फेजच्या किंवा डेल्टात एकाच फेजच्या कॉइल काळ्या, तर गॅरंटी नाही. तोंडी नाही, कागदावर, आणि मोटर देतानाच समजावून. परत आल्यावर सांगितलं तर ते बहाणा वाटते, आणि तुझ्यावर एक तारा पडते.

हिशोब दाखवतो, भाव तुझ्याकडचे टाकून तू नव्यानं कर, मी समजा म्हणूनच धरतो. समजा भंगारच्या भावात जळालेली ५ एचपी घेऊन, भरून, बुश टाकून एका तयार मोटरमागं ९ हजार अडकले. सहा मोटरी म्हणजे ५४ हजार. अदलाबदल करताना कास्तकार वाइंडिंगचे ६ हजार देईल, ते त्याची मोटर भरण्यात जातील, तुझे वरचे समजा दीड हजार, त्याच दिवशी पाणी दिल्याचे. त्याची मोटर बाहेरून भरून यायला सीझनला रांग आहेच, म्हणून एक मोटर मार्च ते मे जास्तीत जास्त तीनदा फिरेल. सहा गुणिले तीन, अठरा अदलाबदली, २७ हजार. आता अठरातल्या तीन गॅरंटीत परत आल्या आणि प्रत्येकीला ६ हजार तुझे गेले तर १८ हजार कटले, उरले ९ हजार, त्यातून गाडीचं डिझेल. एकच परत आली तर २१ हजार उरतात. म्हणजे धंद्याचा नफा किती मोटरी दिल्या यावर नाही, किती परत आल्या यावर ठरते, आणि परत येणं न येणं स्टार्टरच्या पेटीत आहे. म्हणून मी म्हणतो वाइंडिंगपेक्षा तुझ्या हातातलं इलेक्ट्रिशियनचं काम इथं जास्त मोलाचं आहे. स्टार्टर दुरुस्तीचे, प्रिव्हेंटर बसवायचे पैसे वेगळे लाव, ते फुकट टाकू नको. आणि हेही दिसते की नुसत्या अदलाबदलीवर वर्षभर घर चालणार नाही. स्टार्टर-पॅनलचं काम बारा महिने, त्यावर सीझनला ही अदलाबदल, असं बसेल.

तरी ५४ हजार लगेच टाकू नको. रिव्ह्यू हा फक्त इशारा आहे, आणि तो थोड्याच लोकांचा इशारा आहे. ज्याचं नुकसान सगळ्यात जास्त झालं तो साठीतला कास्तकार गूगलवर काही लिहीत नाही, लिहितात ते शिकलेले पोरं. लहान गावातल्या दुकानांना कधी कधी आठ-दहाच रिव्ह्यू असतात, त्यावरून काही सिद्ध होत नाही. तर मार्च-एप्रिलमधे दोन ठिकाणी जा. एक, वाइंडिंगच्या दुकानासमोर, जिथं मोटरींवर पेंटनं किंवा खडूनं नाव-गाव लिहून ओळीनं ठेवल्या असतात. किती आहेत, कोणत्या मेकच्या, कोणत्या गावच्या, किती एचपी, सगळं उघड्यावर वाचायला भेटते, रिव्ह्यूपेक्षा खरं. दोन, मोटर काढणारे. त्यांना माहीत असते की कोणत्या शिवारात मोटरी वारंवार निघतात, आणि उद्या तुझं काम त्यांच्याच फोनवर येणार आहे, म्हणून त्यांचा वाटा आधीच ठरवून घे.

कास्तकाराला विचारताना "अशी सोय दिली तर घेशीन का" असं विचारू नको. आपल्याकडं कोणी तोंडावर नाही म्हणत नाही. "मागच्या वेळी मोटर जळाली तवा काय केलं" एवढंच विचार आणि मग चूप राहा. टँकर टाकला म्हणेल, किती टँकर ते विचार. शेजाऱ्याच्या बोअरवरून पाणी घेतलं म्हणेल, तर त्याच्याकडं फुकटची सोय आहे, तो तुला दीड हजार देणार नाही, वहीत तसं लिही. नवीन मोटर घेतली म्हणेल, तर तो तुझा माणूस आहे आणि त्याची जुनी मोटर कुठं पडली आहे तेही तिथंच विचारून घे, तुझा माल तोच आहे.

आणि ज्या वाइंडिंगवाल्यांचे रिव्ह्यू तू वाचले त्यांच्याशी वैर घेऊ नको, त्यांच्या तक्रारी गावभर सांगत फिरू नको. पावसाळ्यात त्यांचा कारागीर रिकामा बसते, तेव्हा तुझ्या जळालेल्या मोटरी त्यांच्याकडूनच भरून घे, रांग नाही, घाई नाही, भावही जरा कमी पडते, फक्त तार टाकताना आणि मेगर लावताना तू तिथं उभा राह्य. त्यांनाही एप्रिलमधे शिव्या नको आहेत. एखाद्याशी असं ठरव की "तुझ्याकडं ज्याला थांबायला टाइम नाही त्याला माझ्याकडं पाठव, त्याची मोटर भरायला मी तुझ्याकडंच आणीन." पहिल्या वर्षी सहा नाही, दोन मोटरी ठेव, ५ एचपीच्या, दुकानासमोर ज्या मेकच्या जास्त दिसल्या त्याच.